'मला वाटतं हाच' ते 'नक्की हाच': ज्युरीचा निकाल कसा झुकतो

जुलै 1984. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातलं बर्लिंग्टन हे गाव. रात्री एक अनोळखी माणूस घरात शिरला आणि त्याने जेनिफर थॉम्पसन या 22 वर्षांच्या कॉलेजविद्यार्थिनीवर बलात्कार केला. त्या भयानक वेळेतही तिने एक गोष्ट ठरवून केली. ती त्याचा चेहरा निरखत राहिली. यातून वाचले तर या माणसाला ओळखता आलं पाहिजे, एवढंच तिच्या मनात होतं. पुढे तिने स्वतःच हे जगासमोर येऊन सांगितलं, म्हणून तिचं नाव इथे लिहितो आहे.

काही दिवसांनी पोलिसांनी तिच्यासमोर सहा फोटो ठेवले. ती ते जवळपास पाच मिनिटं बघत होती. मग एका फोटोवर थांबून म्हणाली, "मला वाटतं हाच तो." पोलिसांनी विचारलं, नक्की? ती म्हणाली, नक्की. मग तिने विचारलं, मी बरोबर केलं ना? तिला सांगितलं गेलं की तू फार छान केलंस.

फोटो होता रोनाल्ड कॉटनचा. त्यानंतर प्रत्यक्ष ओळख परेड झाली. तिथे रांगेतल्या दोघांमध्ये ती अडखळली आणि शेवटी तिने कॉटनला निवडलं, कारण तो त्या माणसासारखा सगळ्यात जास्त दिसत होता. परेडनंतर तिला कळलं की फोटोत निवडला होता तोच हा माणूस. आता इथे एक बारीक गोष्ट आहे. फोटोंमध्येही होता आणि रांगेतही होता असा कॉटन हा एकटाच माणूस होता. त्यामुळे रांगेत तिला जो चेहरा ओळखीचा वाटला, तो त्या रात्रीचा की फोटोतला, हे सांगण्याचा काही मार्गच उरला नव्हता. तिलाही नाही आणि दुसऱ्या कुणालाही नाही.

जानेवारी 1985 मध्ये ती कोर्टात उभी राहिली तोवर 'मला वाटतं' कुठल्या कुठे गेलं होतं. ज्युरीसमोर तिने ठामपणे, शंकेला जागा न ठेवता कॉटनकडे बोट दाखवलं. त्याच्या घरी सापडलेला टॉर्च हल्लेखोराच्या टॉर्चसारखा आहे आणि त्याच्या बुटाचं रबर गुन्ह्याच्या जागी सापडलेल्या रबराशी जुळतं असंही सांगण्यात आलं, पण खटला मुख्यतः तिच्या साक्षीवर उभा होता. ज्युरीने कॉटनला दोषी ठरवलं.

तो निर्दोष होता. हे सिद्ध व्हायला दहा वर्षांहून जास्त काळ गेला. 1995 साली जपून ठेवलेल्या नमुन्यांची डीएनए चाचणी झाली आणि ते नमुने बॉबी पूल नावाच्या दुसऱ्याच माणसाशी जुळले.

या प्रकरणात चूक खोटं बोलण्यातून झाली नाही, आणि म्हणूनच ते मला महत्त्वाचं वाटतं. थॉम्पसन खोटं बोलत नव्हती. ज्युरीतल्या माणसांनी निष्काळजीपणा केला असं दाखवणारंही काही नाही. तरीही निकाल चुकला. कसा चुकला हे समजून घ्यायचं तर आधी बघावं लागेल की साक्षीदाराची खात्री तयार कुठे होते, आणि मग ती ज्युरीच्या बारा जणांच्या खोलीत गेल्यावर तिचं काय होतं.

खात्री कुठून येते

आपल्याला वाटतं की खात्री आठवणीतूनच येते. आठवण स्पष्ट असेल तर खात्री जास्त, धूसर असेल तर कमी. हे काही अंशी खरंही आहे. पण आठवण तशीच राहते आणि खात्री मात्र वाढते, असंही होतं.

1998 साली गॅरी वेल्स आणि एमी ब्रॅडफील्ड या मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. लोकांना दुकानातल्या कॅमेऱ्याचं चित्रण दाखवलं, त्यात एक माणूस दिसत होता. त्यानेच पहारेकऱ्याचा खून केला, असं त्यांना नंतर सांगितलं. मग काही फोटो समोर ठेवून विचारलं, यातला तो कोण? त्या फोटोंमध्ये तो माणूस नव्हताच. तरीही प्रत्येकाने कुणाला तरी निवडलं, म्हणजे प्रत्येकाचं उत्तर चुकीचं होतं. इथवर सगळे सारखेच. आता काही जणांना म्हटलं, "छान, तुम्ही संशयिताला ओळखलंत." काहींना सांगितलं की संशयित दुसराच होता. उरलेल्यांना काहीच सांगितलं नाही.

त्यानंतर सगळ्यांना विचारलं, निवडताना तुमची किती खात्री होती? 'छान' ऐकलेल्या गटाने सांगितलेली खात्री इतरांपेक्षा बरीच जास्त होती. प्रश्न त्या आधीच्या क्षणाबद्दल होता, तरीही. आणि फक्त खात्रीच वाढली असं नाही. मला तो माणूस नीट दिसला होता, माझं लक्ष होतं, चेहऱ्याचे बारकावे कळले होते, ओळखायला सोपं गेलं, असंही हे लोक जास्त सांगू लागले. चित्रण सगळ्यांनी तेच पाहिलं होतं. 'छान'मुळे माझं मत बदललं का, असं विचारल्यावर बहुतेकांना तसं वाटत नव्हतं.

याचं कारण असं की आपण एखादी गोष्ट किती खात्रीने म्हणालो, याची वेगळी नोंद मन फारशी ठेवत नाही. नंतर कुणी विचारलं की आपण मागे वळून अंदाज बांधतो. आणि मधल्या काळात 'बरोबर ओळखलंत' असं कानावर पडलं असेल, तर अंदाज त्याच्या आधाराने बांधला जातो. बरोबर ओळखलं म्हणजे नीटच दिसलं असणार, नीट दिसलं म्हणजे खात्री असणारच. माणूस हे रचून सांगत नसतो. त्याला खरोखर तसंच आठवतं.

थॉम्पसनच्या बाबतीत पायऱ्या मोजून बघा. पाच मिनिटांचा शोध, 'मला वाटतं', मग शाबासकी, मग परेड, मग 'तोच हा' अशी पुष्टी, मग वकिलांबरोबर खटल्याची तयारी आणि महिनोन्‌महिने मनात घोळणारा तोच चेहरा. प्रत्येक पायरीवर खात्री थोडी वर चढली. आठवणीत मात्र त्या रात्रीनंतर नवीन काही भर पडलेली नव्हती. पडलीच असेल तर कॉटनच्या चेहऱ्याची. तिने नंतर सांगितलं आहे की डीएनएचा निकाल कळल्यावरही दुःस्वप्नात तिला कॉटनचाच चेहरा दिसायचा.

कॉटनच्या दुसऱ्या खटल्यात याहून बोलकी गोष्ट घडली. त्याच रात्री आणखी एका स्त्रीवर हल्ला झाला होता, आणि ओळख परेडमध्ये तिने कॉटनला नाही तर दुसऱ्याच माणसाला निवडलं होतं. पहिल्या ज्युरीला हे ऐकू दिलं गेलं नाही. त्यावरूनच वरच्या कोर्टाने तो निकाल रद्द करून पुन्हा खटला चालवायला लावला. पण 1987 साली दुसरा खटला उभा राहिला तेव्हा ती स्त्रीही म्हणाली, कॉटनच तो. दरम्यान बॉबी पूल त्याच तुरुंगात होता आणि हे गुन्हे आपण केले असं इतर कैद्यांना सांगत होता. त्याला कोर्टात, ज्युरीच्या अनुपस्थितीत, थॉम्पसनसमोर उभं केलं. तिने त्याला ओळखलं नाही. ज्याने हल्ला केला तो माणूस समोर होता आणि तिला तो परका वाटला. न्यायाधीशांनी पूलबद्दलचा हा पुरावा ज्युरीपुढे येऊ दिला नाही. या वेळी कॉटन दोन्ही हल्ल्यांसाठी दोषी ठरला. शिक्षा झाली जन्मठेप आणि वर 54 वर्षं.

ज्युरीला खात्रीच का दिसते

ज्युरीत बसणारी माणसं कायद्याची जाणकार नसतात. मतदारयादीसारख्या नोंदींतून त्यांना बोलावलं जातं, दोन्ही बाजूंचे वकील आणि न्यायाधीश त्यांना प्रश्न विचारून काहींना वगळतात, आणि उरलेले, बहुतेक वेळा बारा जण, पुरावा ऐकून निकाल देतात. साक्षीदार विश्वासार्ह आहे की नाही हे त्यांनीच ठरवायचं असतं.

ते कशावरून ठरवतात हे ब्रायन कटलर, स्टीव्हन पेनरॉड आणि सहकाऱ्यांनी तपासलं. त्यांनी एका दरोड्याच्या खटल्याचं चित्रण तयार केलं आणि त्याच्या अनेक आवृत्त्या काढल्या. कुठे दरोडेखोराने डोकं झाकलेलं, कुठे हातात शस्त्र दिसणारं, कुठे घटना आणि ओळख यांत बरेच दिवस गेलेले, कुठे ओळख परेड पक्षपाती पद्धतीने घेतलेली, असे दहा घटक बदलले. हे सगळे घटक ओळख चुकण्याशी खरोखर संबंधित आहेत. प्रयोगातल्या ज्युरींच्या निकालावर यातल्या जवळजवळ कशाचाच ठळक परिणाम झाला नाही. परिणाम दिसला तो एकाच घटकाचा, साक्षीदार आपल्या खात्रीबद्दल काय म्हणतो याचा.

म्हणजे ज्या गोष्टींवरून आठवण किती भरवशाची ते कळू शकतं, त्या ज्युरीच्या नजरेतून निसटतात. आणि जी गोष्ट मधल्या काळात फुगू शकते तीच वजनदार ठरते.

यात उलटतपासणीचाही फार उपयोग होत नाही. उलटतपासणी मुळात खोटं पकडण्यासाठी आहे. खोटं बोलणारा गडबडू शकतो, विसंगत बोलू शकतो. पण जो माणूस प्रामाणिकपणे चुकला आहे त्याला गडबडायचं कारणच नसतं. वकिलाने जितकं टोकावं तितका तो जास्त ठाम होऊ शकतो. ज्युरी मनात विचारते, ही बाई खोटं का बोलेल? आणि उत्तर येतं, बोलणार नाही. हे उत्तर बरोबरच असतं. फक्त ते उत्तर 'ती खरं बोलते आहे का' या प्रश्नाचं असतं, 'तिने बरोबर माणूस ओळखला का' या प्रश्नाचं नसतं.

ब्रॅंडन गॅरेट या कायद्याच्या प्राध्यापकांनी अमेरिकेत डीएनएमुळे निर्दोष ठरलेल्या पहिल्या 250 जणांचे खटले तपासले. त्यांपैकी 190 खटल्यांत साक्षीदाराने चुकीच्या माणसाला ओळखलं होतं. जिथे कोर्टातल्या साक्षीची पूर्ण नोंद मिळाली, त्यांतल्या 57 टक्के खटल्यांत साक्षीदार सुरुवातीला साशंक होता असं त्याच नोंदीतून निघालं. कोर्टात मात्र ते ठाम होते.

बारा जणांची खोली

इथे कुणीही म्हणेल, एखादा भुलेल, पण बारा जण एकत्र बसले, नीट चर्चा केली की चूक सापडायला हवी. ज्युरी पद्धतीमागचा विश्वासच तो आहे, आणि तो पोकळ नाही. कुणाला तारीख आठवते, कुणाला साक्षीतली विसंगती आठवते. तपशिलाच्या बाबतीत बारा डोकी एकापेक्षा खरंच बरी असतात.

पण चर्चेने चूक दुरुस्त होते ती प्रत्येकाची चूक वेगवेगळी असेल तर. एक जण डावीकडे चुकला, दुसरा उजवीकडे, तर बोलता बोलता दोघंही मधे येतात. सगळ्यांनी एकच ठाम साक्षीदार पाहिला असेल तर सगळे एकाच दिशेला झुकलेले असतात. तिथे एकमेकांची चूक काटणारं कुणी उरत नाही.

1966 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शिकागो विद्यापीठातल्या हॅरी कॅल्व्हन आणि हान्स झायसेल यांनी 225 खऱ्या खटल्यांतल्या ज्युरींशी बोलून पहिल्या फेरीतली मतं कशी होती ते शोधलं. पहिल्या मतदानात ज्या बाजूला बहुमत होतं, त्याच बाजूने साधारण दहापैकी नऊ खटल्यांत निकाल लागला. फोटोची फिल्म रसायनात टाकल्यावर चित्र उमटतं, पण ते चित्र आधीच टिपलेलं असतं, तशी ही चर्चा आहे, असं त्यांनी म्हटलं. मला ही उपमा थोडी टोकाची वाटते. पहिलं मतदान चर्चेच्या आधीच झालेलं असतं असं नाही. बऱ्याचदा थोडं बोलणं होऊन मग हात वर होतात, म्हणजे चर्चेने आपलं काम आधीच सुरू केलेलं असतं. पण बहुमत फिरणं दुर्मीळ आहे, हे नंतरच्या अभ्यासांतही दिसत राहिलं.

या बहुमताच्या ओढीचा एक परिणाम सहज लक्षात येत नाही, म्हणून थोडा हिशेब करू. समजा एक असा खटला आहे की तो ऐकणाऱ्या लोकांपैकी निम्म्यांना आरोपी दोषी वाटतो आणि निम्म्यांना वाटत नाही. अशा लोकांतून कुठलेही बारा जण निवडले तर सुरुवातीलाच सात किंवा जास्त जण 'दोषी' म्हणतील याची शक्यता सुमारे 39 टक्के येते. बारा वेळा नाणं उडवून सात किंवा जास्त छाप पडण्याचाच हा हिशेब आहे. आता साक्षीदार जरा जास्त ठाम आहे आणि त्यामुळे शंभरातल्या 50 ऐवजी 60 जणांना आरोपी दोषी वाटू लागला, असं धरा. फरक फक्त दहा जणांचा. पण सुरुवातीचं बहुमत 'दोषी'च्या बाजूने असण्याची शक्यता आता 39 वरून सुमारे 67 टक्क्यांवर जाते. शंभरातले 70 जण झुकले तर ती 88 टक्के होते.

म्हणून 'या गोष्टीचा माणसाच्या मतावर थोडासाच परिणाम होतो' असं म्हणून ज्युरीच्या बाबतीत निश्चिंत राहता येत नाही. एकेका माणसावरचा छोटा धक्का बहुमताच्या खोलीतून बाहेर पडताना मोठा होऊन येतो. एक गोष्ट आरोपीच्या बाजूची आहे. सहा विरुद्ध सहा अशी समसमान मतं असतील तर प्रयोगांत पारडं निर्दोषत्वाकडे झुकताना दिसतं, कारण 'वाजवी संशय असेल तर सोडा' हा मुद्दा त्या बाजूच्या हातात असतो. पण बहुमत एकदा 'दोषी'कडे स्पष्ट झालं की तो मुद्दा मांडणारा एकटा पडत जातो.

बहुमत लोकांना ओढतं ते दोन मार्गांनी. एक दबाव. अकरा जण थकलेले आहेत, घरी जायचं आहे आणि तुमच्याकडे बघत आहेत. दुसरा मार्ग जास्त शांत आणि माझ्या मते जास्त प्रभावी आहे. नऊ जणांचं मत 'दोषी' असेल तर खोलीत बोलल्या जाणाऱ्या मुद्द्यांतले बहुतेक मुद्दे आपोआप त्याच बाजूचे असतात. तुम्हाला स्वतःला तीन कारणं सुचली होती, आता दहा ऐकायला मिळतात. मत आणखी पक्कं होतं आणि त्याला कारणंही मिळतात, त्यामुळे आपण दबावाखाली बदललो असं वाटतच नाही. प्रयोगांत असं दिसलं आहे की पुरावा कमकुवत असताना चर्चेनंतर ज्युरी आणखी सौम्य होतात आणि पुरावा जोरदार वाटत असताना आणखी कठोर. चर्चा त्यांना मधे आणत नाही, आधी झुकले होते त्याच बाजूला आणखी पुढे नेते.

चर्चा सुरू कशी होते यानेही फरक पडतो. काही ज्युरी बसल्या बसल्या मतदान घेतात. मग प्रत्येक जण आपल्या मताचा वकील होतो आणि पुरावा आपल्या बाजूने वापरू लागतो. काही ज्युरी मतदान लांबवतात आणि आधी त्या रात्री काय काय घडलं ते एकत्र मांडतात. प्रयोगांत या दुसऱ्या प्रकारच्या ज्युरी पुराव्यात जास्त खोल शिरताना दिसल्या. कुठली पद्धत घ्यायची हे बहुतेक वेळा त्या बारा जणांवरच सोडलेलं असतं.

खोलीत आधीच आलेली बातमी

ठाम साक्षीदार बारा जणांना एकाच बाजूला झुकवतो, पण तो निदान कोर्टात सगळ्यांसमोर येतो. खटल्याआधीची प्रसिद्धी त्यांना कोर्टाची पायरी चढण्याआधीच झुकवते, तेही सगळ्यांना एकत्र, कारण सगळ्यांनी तीच बातमी वाचलेली असते.

याचं अगदी नोंदलेलं उदाहरण म्हणजे इंडियाना राज्यातला लेस्ली अर्विनचा खटला. 1955 साली त्याला इव्हान्सव्हिल भागातल्या खुनांच्या मालिकेसाठी पकडलं आणि त्याने सहा खून कबूल केले असं अधिकाऱ्यांनी जाहीर केलं. वृत्तपत्रांत त्याचे जुने गुन्हे, त्याची कबुली, सगळं येत राहिलं. खटला शेजारच्या काउंटीत हलवला, पण तीच वृत्तपत्रं तिथल्याही सुमारे 95 टक्के घरांत जात होती. ज्युरीसाठी 430 जणांना बोलावलं. त्यांपैकी 268 जणांना वगळावं लागलं, कारण तो दोषीच आहे असं त्यांचं मत पक्कं झालेलं होतं. शेवटी जे बारा बसले, त्यांतल्या आठ जणांनी खटला सुरू होण्याआधी सांगितलं होतं की आम्हाला तो दोषी वाटतो. तरीही प्रत्येकाने शब्द दिला की आम्ही निःपक्षपाती राहू. फाशीची शिक्षा झाली. 1961 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. ज्युरींनी दिलेला शब्द प्रामाणिक असेल, पण अशा वातावरणात तो पुरेसा नाही, असा त्या निकालाचा रोख होता.

अर्विनवर पुन्हा खटला चालला आणि तो पुन्हा दोषी ठरला, या वेळी जन्मठेप झाली. हे सांगणं मला गरजेचं वाटतं, कारण प्रसिद्धीची चर्चा करताना आरोपी निर्दोषच असणार असं गृहीत धरलं जातं. प्रश्न वेगळा आहे. निकाल कोर्टातल्या पुराव्यावर लागला की आधी वाचलेल्या बातम्यांवर, हे त्या पहिल्या ज्युरीच्या बाबतीत कुणीही सांगू शकत नव्हतं.

आणि ते ज्युरीला स्वतःलाही सांगता येत नाही. क्रिस्टीन रुव्हा यांच्या प्रयोगांत लोकांना आधी एका प्रकरणाच्या बातम्या वाचायला दिल्या आणि काही दिवसांनी त्या खटल्याचं चित्रण दाखवलं. नंतर विचारलं, ही गोष्ट तुम्हाला कुठे कळली? फक्त बातमीत असलेली माहिती बऱ्याच जणांनी 'खटल्यात ऐकली' म्हणून सांगितली. माहिती लक्षात राहते, ती कुठून आली हे पुसट होतं. मग न्यायाधीशांनी 'बाहेर वाचलेलं विसरा' असं कितीही बजावलं, तरी जे आपण कोर्टातच ऐकलं असं वाटतं ते विसरायचं कसं? अशा ज्युरींच्या चर्चा तपासल्यावर दिसलं की बंदी असूनही बातमीतली माहिती बोलण्यात येते आणि ती दुरुस्त करणारं फारसं कुणी नसतं. ज्या साक्षीचा अर्थ दोन्ही बाजूंनी लागू शकतो, तिचा अर्थ प्रत्येक जण आपण वाचलेल्या बातमीप्रमाणे लावतो.

दुरुस्ती कुठे होऊ शकते

ज्युरीला सूचना देणं हा सगळ्यात सोपा उपाय, आणि त्याने थोडा फायदा होतो. इंग्लंडमध्ये टर्नबुल खटल्यापासून, म्हणजे 1970 च्या दशकापासून, न्यायाधीश ज्युरीला बजावतात की पूर्ण खात्री वाटणारा साक्षीदारही चुकलेला असू शकतो. न्यू जर्सी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली हेंडरसन खटल्यात याहून तपशीलवार सूचना तयार करायला लावल्या. पण वरचं सगळं बघितल्यावर लक्षात येतं की खात्री कोर्टात पोहोचण्याआधीच फुगलेली असते. कोर्टात ती मोजून कमी करता येत नाही. साक्षीदार आधी साशंक होता हे उलटतपासणीत निघालं, आणि त्याने 'तेव्हा मी घाबरलो होतो, आता नीट आठवतं' असं पटणारं कारण दिलं, तर प्रयोगांतले ज्युरी त्याच्यावर पुन्हा विश्वास ठेवतात.

मग काम करायचं ते फोटो समोर ठेवतानाच. इथे संशोधनातली एक दिलासा देणारी गोष्ट आहे. जॉन विक्स्टेड आणि गॅरी वेल्स यांनी 2017 साली दाखवलं की पहिल्याच वेळी, कुणी काही सुचवायच्या आधी, नीट पद्धतीने विचारलं तर साक्षीदाराची खात्री आणि अचूकता यांचा चांगला मेळ बसतो. त्या क्षणी जो ठाम असतो तो बहुतेक वेळा बरोबर असतो, आणि जो 'मला वाटतं' म्हणतो त्याची चूक होण्याची शक्यता बरीच जास्त असते. म्हणजे खात्रीला अर्थ आहे, पण फक्त त्या पहिल्या क्षणीच्या. आणि तो क्षण एकदाच येतो. नंतर कितीही वेळा ओळख परेड घेतली तरी ती त्या पहिल्या परेडच्या सावलीतच होते.

ज्या राज्यात कॉटनने तुरुंगात दहा वर्षं काढली, त्या नॉर्थ कॅरोलायनाने 2007 साली ओळख परेडसाठी कायदा केला. फोटो दाखवणाऱ्या अधिकाऱ्याला संशयित कोणता हे माहीत नसलं पाहिजे, म्हणजे नकळत मान डोलावणं किंवा 'छान केलंस' म्हणणं त्याला शक्यच होत नाही. गुन्हेगार यात असेल किंवा नसेलही, हे साक्षीदाराला आधी सांगावं लागतं. संशयिताबरोबर निदान पाच इतर माणसं असावी लागतात, साक्षीदाराने केलेल्या वर्णनाशी जुळणारी. ओळख पटताच साक्षीदाराला स्वतःच्या शब्दांत विचारायचं की तुमची किती खात्री आहे, आणि ते शब्द तिथल्या तिथे नोंदवायचे. हे नियम पाळले गेले की नाही, हे निकाल देताना विचारात घ्या, अशी सूचना न्यायाधीश ज्युरीला देतात.

कॉटन 30 जून 1995 रोजी बाहेर आला. दोनेक वर्षांनी थॉम्पसनने त्याला भेटून माफी मागितली आणि त्याने ती दिली. नंतरची अनेक वर्षं दोघं एकत्र फिरून पोलीस, वकील आणि कायदे करणाऱ्यांसमोर बोलत राहिले.